माउस कोणाच्या हातात

दुसरीच्या वर्गाला मी कॉम्प्युटर शिकवते. एका माउसवर दोन मुलं. पडद्यावरच्या खेळात पाच फुगे फोडले की माउस शेजाऱ्याला द्यायचा. आज एका बडबड्या मुलाने शेजारणीच्या हातातून माउस ओढला आणि माझं डोकंच फिरलं.

"हात मांडीवर! तिचा नंबर आहे ना?" मी ओरडले.

तिचा बाण मात्र फुग्यापर्यंत पोचेना. माउस पॅडच्या कडेला टेकला, तरी ही आपली ढकलतेच आहे!

"अगं, उचल आणि मध्ये ठेव! किती वेळा सांगायचं?"

शेवटी वैतागून मीच माउस हिसकावला आणि पटापट पाचही फुगे फोडले.

"झालं! आता त्याचा नंबर."

तिचे डोळे भरले, पण आवाज माझ्यापेक्षा चढला.

"बाई, नंबर माझा होता. तुम्हीपण हात मांडीवर ठेवा!"