रिकामी टाकी

मशीन पडलं की आमच्या वर्कशॉपमध्ये आधी आवाज चढतात, मग कोणीतरी म्हणतं, "लॉग बघा." म्हणजे मी. फवारणीच्या ड्रोनच्या पोटात एक कार्ड असतं, उडताना काय काय झालं ते सगळं त्यावर उतरत जातं. मोटारींना किती जोर दिला, बॅटरीची काय अवस्था होती, मशीनला कुठे वळायला सांगितलं आणि ते खरं कुठे वळलं. ते वाचायचं काम माझं. माणसं बोलतात त्यापेक्षा ते वाचणं बरं, निदान त्यात कोणी मधेच तोंड घालत नाही.

पण काल पडलेलं मशीन माझ्या नणंदेवर पडलं होतं.

उडवत तीच होती. औषधाची टाकी संपली, मशीन परत बोलावलं, ते डोक्यावर आल्यावर वेडंवाकडं हलायला लागलं आणि आडवं होऊन खाली. पळता पळता तिने हात वर धरला. पात्याने डावा अंगठा वाकवणारी शीर कापली. ऑपरेशन झालं आहे. अंगठा वाकेल का, हे डॉक्टर आत्ता सांगत नाहीत. आमच्या धंद्यात रिमोट अंगठ्यांनी चालतो, तेव्हा याचा अर्थ काय ते कोणी कोणाला समजावलं नाही.

सकाळी वर्कशॉपमध्ये पाऊल टाकलं तर आमचे हे आधीच पेटलेले. समोर मामा उभे. मामा म्हणजे आमच्या चार्जिंगच्या खोलीचे मालकच म्हणा. कोणाचेच सख्खे मामा नाहीत, सगळ्यांचे मामा. कोणती बॅटरी कधी भरली, कुठली जरा फुगायला लागलीय, त्यांना हात लावून कळतं.

"माझ्या बहिणीच्या मशीनमध्ये जुनी जोडी घातलीत तुम्ही!" हे ओरडत होते. "पडायच्या आधी बॅटरीचा अलार्म वाजला, तिने स्वतः ऐकला! आणखी काय पुरावा पाहिजे?"

मामा खाली बघत होते. "जुनी होती, पण चांगली होती रे. मी तपासून दिली होती. असेल... माझंच चुकलं असेल." त्यांनी चार्जिंगच्या खोलीची चावी टेबलावर ठेवली. "साहेबांना सांगून टाक. मी जातो."

"मामा, चावी उचला आधी," मी म्हटलं. "अजून कार्ड उघडलंसुद्धा नाही आणि इथे निकाल लागला? कमालच आहे तुमची!"

"उघडून काय वेगळं निघणार आहे?" हे म्हणाले. "बारा वाजता साहेबांना कारण कळवायचंय. बॅटरी म्हणून सांगू. बाकीच्या मशीनमध्ये मी पहाटेच नव्या बॅटऱ्या घातल्यात. उंच्या निघालासुद्धा फवारणीला."

उंच्या आमचा दुसरा पायलट. मी हूं म्हटलं आणि लॅपटॉप उघडला. नणंद कशीही असो, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवो, माझे कपडे न विचारता घालो, ती माझी आहे. तिच्या अंगठ्याचं कारण कोणाच्या तरी ओरडण्यावर ठरणार असेल तर मी इथे काय गवत उपटायला बसते का?

आधी व्हायब्रेशन. पातं चिरलेलं असलं, मोटारीचा आस वाकला असला, तर मशीनचं अंग सतत थरथरतं आणि त्याच्या सेन्सरला आपण वर चाललोय की खाली तेच कळेनासं होतं. तशा वेळी थरथरीची रेघ उड्डाणाच्या सुरुवातीपासून वर दिसते. इथे टाकी भरलेली होती तोवर ती रेघ शहाण्यासारखी खाली. शेवटी वाढली होती, पण मशीन हलायला लागल्यावर. आणि सेन्सरला सोसवेना असे धक्के थेट जमिनीवर आपटल्यावरच. "पातं नाही," मी म्हटलं.

"मी तेच म्हणतोय," हे म्हणाले. "बॅटरी बघ."

बघितली. व्होल्टेज खरंच अलार्मच्या खाली गेलं होतं. मामांनी माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं आणि ते मागे सरकले. यांनी टेबलावर हात आपटला. "बघ! दिसलं?"

"दिसलं. जरा दम धरा."

मी तोच तुकडा ताणून मोठा केला. बॅटरीने दम सोडला की व्होल्टेज बसतं ते बसतंच. मशीन सगळ्या मोटारींना एकदम पूर्ण जोर मागतं, तरी उंची सुटत जाते. इथे तसं नव्हतं. रेघ करवतीच्या दातांसारखी होती. खाली जाई, लगेच वर येई, पुन्हा खाली. आणि प्रत्येक वेळी आधी करंट उसळलेला, मग व्होल्टेज दबलेलं. कोणीतरी बॅटरीला एका सेकंदात अनेकदा हिसके देत होतं आणि बिचारी प्रत्येक हिसक्यानंतर सावरत होती. उंची तर मशीन आडवं होईपर्यंत सुटलीच नव्हती.

"बॅटरी घाबरली नाही," मी म्हटलं. "तिला कोणीतरी छळलं. मामा, तुमची जोडी शेवटपर्यंत उभी होती."

मामा जवळच्या खुर्चीवर बसले.

"मग कोणी छळलं?" यांनी विचारलं.

मी मोटारींच्या रेघा काढल्या. डावीकडच्या मोटारी पूर्ण जोरात, उजवीकडच्या जवळजवळ बंद. लगेच उलट. पुन्हा उलट. त्याखाली दोन रेघा लावल्या, मशीनला किती कलायला सांगितलं ती एक आणि ते खरं किती कललं ती दुसरी. सांगितलेली जवळपास सरळ होती. खरी तिच्या दोन्ही बाजूंना झोके घेत होती आणि प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा.

हे चित्र मी ओळखते. मशीन चूक सुधारायला जातं, इतक्या जोरात सुधारतं की पलीकडे जातं, मग तिकडून आणखी जोरात परत येतं. याला एकच कारण असतं. ट्यूनिंग जास्त तिखट.

ट्यूनिंग आमच्या ह्यांचं.

बोलायच्या आधी मी उड्डाणाच्या सुरुवातीला गेले. निदान खात्री तरी. टाकी भरलेली होती तेव्हा दोन्ही रेघा एकमेकींना चिकटून चाललेल्या, सुंदर, बोट ठेवायला जागा नाही. टाकी अर्धी झाल्यावर बारीक शहारा. त्या वेळी बॅटरी अगदी ठणठणीत होती. टाकी आणखी हलकी, शहारा आणखी मोठा. आणि टाकी रिकामी झाल्यावर, परतीच्या वळणावर, तो सुटला तो सुटलाच.

मग मी मागच्या आठवड्याचा लॉग उघडला. तेच मशीन, हीच जुनी जोडी, रिकाम्या टाकीने परतताना. ग्राफ अगदी गुळगुळीत. मधे फक्त एक गोष्ट बदलली होती.

"अहो," मी म्हटलं, "परवा तुम्ही गेन, म्हणजे चूक सुधारायचा जोर, वाढवलात ना?"

"हो. बहीणच म्हणाली होती, दादा, टाकी भरली की हे सुस्त होतं, जरा चपळ कर. मग टाकी काठोकाठ भरून मी अख्खी संध्याकाळ घासलं त्याच्यावर. काय उडत होतं सांगू! फुलपाखरासारखं."

"रिकामी करून उडवलं?"

ते लॅपटॉपची वायर सरळ करायला लागले.

"अहो, रिकामी टाकी करून उडवून बघितलं का?"

"अंधार पडला," ते म्हणाले. "आणि भरलेली हीच तर अडचण होती ना... तीच तर..." त्यांची नजर माझ्या स्क्रीनवर गेली आणि तिथेच अडकली. हा माणूस ट्यूनिंगमध्ये पोचलेला आहे, त्याला मी ग्राफ समजावायची गरज नाही. जड मशीनला जो जोर पुरतो तो निम्म्या वजनाच्या मशीनला झेपत नाही, हे त्यानेच मला शिकवलं होतं. मी त्याला शब्दाने टोचलं नाही. टोचायची सवय आहे मला, पण तिथे तोंड उघडवेना.

मग मला दुसरीच गोष्ट आठवली.

"उंच्याचं मशीन," मी म्हटलं. "तेही त्याच मॉडेलचं आहे. त्यात काय आकडे आहेत?"

यांच्या तोंडाचं पाणीच पळालं. एका मशीनचं छान जमलं की तेच आकडे दुसऱ्यात उतरवायचे, अशी आमची पद्धत आहे. वेळ वाचतो.

"परवाच उतरवले," ते म्हणाले. "काल ते उडालं नाही, आजची ही पहिलीच टाकी."

उंच्या हेडफोन लावूनच उडवतो. मी फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि यांच्यासमोर धरला. मामा उठून उभे राहिले.

"बोला वहिनी! नव्या बॅटऱ्या झकास चालल्यात!"

"टाकी किती आहे?" यांनी विचारलं.

"दादा? अर्ध्याच्या खाली गेली. दोन फेऱ्या मारल्या की रिकामी, मग उतरवतो."

"नाही! रिकामी करू नकोस. पंप बंद कर. आत्ता."

"का हो? व्होल्टेज मस्त आहे. काल बॅटरीच गेली होती ना?"

यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मामांकडे. मी फोन आणखी पुढे सरकवला. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला होता आणि इतकी दया आली होती की दोन्हीचं काय करावं कळत नव्हतं.

"बॅटरी नव्हती," ते म्हणाले. "माझं ट्यूनिंग चुकलंय. टाकी हलकी झाली की ते झोके घेणार. आहे त्या औषधानिशी उतरव. झटका देऊ नकोस, जोरात वळवू नकोस, माणसांपासून लांब घे."

पलीकडे पंपाची घरघर थांबली. मोटारींचा आवाज तेवढा येत होता, त्यात एक बारीक कापरं मला ऐकू आलं की भास झाला, देव जाणे. मग आवाज खाली खाली येत थांबला.

"उतरलं," उंच्या म्हणाला. "दादा, मला वाटत होतं वाऱ्याने थरथरतंय."

फोन ठेवल्यावर यांनी चावी उचलली आणि मामांच्या हातात दिली. "मामा, मी फार..." ते म्हणाले. मामांनी चावी घेतली. "साहेबांकडे मी सोबत येतो," एवढंच बोलले.

तेवढ्यात माझा फोन वाजला. दवाखान्यातून. नणंद.

"वहिनी, लॉगमध्ये काय निघालं गं? दादा मामांना काही बोलला नाही ना? तापट आहे तो. मला अलार्म ऐकू आला म्हणून मी बॅटरी बॅटरी ओरडले, पण हलायला आधी लागलं होतं, मला आत्ता आठवतंय. मामांना सांग, मी नीट सांगितलं नाही."

मी फोन यांच्याकडे दिला. खोटं बोलायला जागा होती. वहिनी अजून लॉग वाचतेय, असं ते म्हणाले असते, तर मीही मान हलवली असती.

"अगं," ते म्हणाले, "मामांचं काही नाही. माझंच आहे. मी टाकी भरूनच बघितलं, रिकामी करून बघितलंच नाही."

मागे कोणाची तरी चाकाची खुर्ची कुरकुरत गेली.

"टाकी भरलेली होती ना, तेव्हा इतकं छान उडत होतं रे दादा," ती म्हणाली. "मी तुला फोन करून सांगणार होते, खाली उतरवल्यावर."