धोंडीच्या तीन अंघोळी

दुपारी डोळा लागला की पाड्यावरचा ओढा धोंडीला भेटायला थेट दुसऱ्या मजल्यावर यायचा. फ्लॅटच्या भिंतीत कुठेतरी गुडगुड व्हायची आणि अर्ध्या झोपेत तिला वाटायचं, म्हसरं पाण्यावर आलीत, माना घालून पितायत. ती कूस बदलायची, तोवर वास यायचा. ओढ्याला तसला वास कधीच नव्हता. मग ती जागी व्हायची.

तीन महिन्यांपूर्वी तिचा मुलगा संदीप तिला बारवीकडच्या पाड्यावरून अंबरनाथ पूर्वेला आपल्या घरी घेऊन आला होता. पाड्यावर तिचं कुणी उरलं नव्हतं, कुडाचं घरही बसलं होतं. संदीप कारखान्यात, सून रविना दुकानात, दोघं सकाळीच अंघोळ उरकून बाहेर पडत. संध्याकाळी रविना दार उघडायची आणि पदर नाकाला लावायची. धोंडी मुकाट्याने बाथरूममध्ये शिरायची, अंगावर चार तांबे घ्यायची, आणि वास गायब. आता याहून वेगळा पुरावा कुणाला हवा? रविना काही वाईट बाई नव्हती, पण नाक कुणाचं ऐकतं का! धोंडीनेही मनाशी कबूल करून टाकलं होतं की म्हातारपणी अंग असंच कुजत असणार. ती दिवसाला तीन अंघोळी करू लागली. साबणाने कातडी चरचरायची.

शेवटी संदीपने चाचरत विषय काढला. चामटोलीला माझ्या चुलतभावाकडे थोडे दिवस राहशील का, रविवारी सोडतो. धोंडी ‘बरं’ म्हणाली. थोडे दिवस म्हणजे किती, हे या वयात विचारावं लागत नाही. तिला जायचं नव्हतं. भिंतीपलीकडे लेक झोपलाय एवढ्यावर तिची रात्र सुखाची जायची, आणि ते सुटणार म्हणून तिला पोटातून रडू येत होतं.

शनिवारी संदीपला सुट्टी होती. दुपारी किचनचा गळका नळ बदलायला बुवापाड्याचा प्लंबर आला, जयदेव. काम झालं तरी तो पिशवी आवरेना. हवा हुंगत बाथरूमच्या दाराशी गेला आणि हा वास कधीपासून, असं विचारू लागला. संदीप ओशाळला. आईकडे न बघता म्हणाला, घरात म्हातारं माणूस आहे.

“माणसाला गटाराचा वास येत नसतो, साहेब,” जयदेव म्हणाला.

त्याने फरशीवर मगभर पाणी सांडलं. ते सरळ जाळीकडे धावलं, म्हणजे उतार बरोबर होता. डक्टमध्ये वाकून त्याने आडव्या पाइपाला लेव्हल लावली, मीटरला दोन सेंटिमीटर उतार, तोही ठीक. मग जाळी उचलून टॉर्च मारला. खालच्या ट्रॅपच्या वाटीत पाणी जवळजवळ नव्हतंच. त्या वाटीत बोटभर पाणी कायम उभं राहिलं पाहिजे, तेवढ्याच पाण्याने गटाराची हवा खाली अडते, असं त्याने समजावलं. वाटी भरून त्याने वरच्या मजल्यावर फ्लश करायला सांगितलं.

भिंतीत गुडगुड झाली. वाटीतलं पाणी थरथरलं, खाली ओढलं गेलं, आणि मागोमाग तोच वास वर आला. धोंडी दारातून बघत होती. म्हसरं पाणी पिऊन गेली, असंच तिला वाटलं.

“पाइपाला वरून हवा मिळत नाय,” जयदेव म्हणाला. “मग तो तुमच्या ट्रॅपमधून खेचतो. आजी अंघोळ करतात, वाटी भरते, वास थांबतो. वरच्यांनी फ्लश केला की परत खाली.”

तिघे गच्चीवर गेले. तीन महिन्यांपूर्वीच, धोंडी आली त्याच सुमारास, सोसायटीने तिथे पत्र्याची शेड घातली होती. हवेचा पाइप आड येत होता, म्हणून कारागिरांनी तो कापून तोंड सिमेंटने लिंपलं होतं. जयदेवने सिमेंट फोडलं, पाइप वाढवून पत्र्याच्या वर काढला, टोकाला जाळीची टोपी बसवली. खाली येऊन वाटी पुन्हा भरली. वरून फ्लश झाला, एकदा, दोनदा, तीनदा. पाणी जरासं हललं आणि होतं तिथेच राहिलं. भिंत गप्प होती.

संध्याकाळी रविना आली. दारात तिचा हात सवयीने पदराकडे गेला आणि तिथेच थांबला. बाथरूममध्ये दुपारभर काम चाललं होतं, त्यामुळे सकाळनंतर धोंडीची एकही अंघोळ झाली नव्हती. संदीपने सगळं सांगितलं. रविना सासूजवळ बसली, तिचा खरखरीत हात मांडीवर घेतला, आणि तिला इतकी लाज वाटली की वर बघवेना. संदीप म्हणाला, चामटोलीचं आता राहू दे.

“आये, तू एकदा तरी बोलायचं, हा वास माझा नाय म्हणून.”

“मना पन तसाच वाटला, पोरा,” धोंडी म्हणाली. “तुमी बोलता, मग माझाच असंल.”