घंटा उशिरा वाजली, चूक आमची

‘किरकोळ दुरुस्त्या आणि सुधारणा’ हे चार शब्द अ‍ॅपच्या नव्या आवृत्तीखाली ज्याने पहिल्यांदा लिहिले, तो माणूस मला एकदा भेटायला हवा. मारणार नाही मी त्याला. समोर बसवून फक्त विचारेन, की बाबा रे, किरकोळ म्हणजे कोणासाठी?

आमची कंपनी औषधांची आठवण करून देणारं अ‍ॅप बनवते. गोळीची वेळ झाली की फोनवर घंटा वाजते, बस्स. वापरणारे बहुतेक म्हातारेकोतारे, नाहीतर त्यांना सांभाळणारे. अ‍ॅपची नवी आवृत्ती निघाली की प्रोग्रॅमर काय काय बदललं त्याचं टिपण लिहितो, आणि त्या टिपणाचा साध्या माणसाला कळेल असा मेल करायचं काम माझं. माझ्या घरच्यांना वाटतं मी टायपिंग करते. वाटू दे.

यावेळचं टिपण आलं ते असं: ‘एक्झॅक्ट अलार्म परमिशन नसल्यास शेड्युलर इनएक्झॅक्ट मोडमध्ये फॉलबॅक होत होता. परमिशन प्रॉम्प्ट जोडला. परमिशननंतर जुने रिमाइंडर रीशेड्यूल होतील.’ लिहिणारा आमचा प्रोग्रॅमर, ज्याला अख्खं ऑफिस मौनीबाबा म्हणतं. मी खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसले आणि म्हटलं, हे माझ्या आत्याला सांगतोयस असं समज आणि बोल. त्याने स्क्रीनवरून डोळे न काढता सांगितलं. नव्या फोनांमध्ये अगदी ठरल्या मिनिटाला घंटा वाजवायची तर अ‍ॅपला वेगळी परवानगी लागते. ती आपोआप मिळत नाही, वापरणाऱ्याकडे मागावी लागते. आपण मागितलीच नव्हती. मग फोन बॅटरी वाचवायला घंटा आपल्या सवडीने वाजवतो.

सवडीने म्हणजे किती उशिरा, असं मी विचारलं. तो म्हणाला, कधी पाच मिनिटं, कधी तासभर. फोन नुसता पडून असला तर जास्तच.

आणि हे कधीपासून? मागच्या आवृत्तीपासून, म्हणजे महिना झाला. ज्यांनी या महिन्यात नव्या फोनवर अ‍ॅप टाकलं, त्यांचं सगळ्यांचं असंच चाललंय.

मी बोटांवर दिवस मोजले. कारण याच महिन्यात आत्याला नवा फोन मीच आणून दिला होता, आणि अ‍ॅपही मीच टाकून दिलं होतं, मोठ्या तोऱ्यात.

आत्याला कंपवात आहे. ती एकटी राहते आणि एकटीच राहायचं म्हणते. तिच्या गोळ्या वेळेवर पडल्या तर ती स्वयंपाक करते, जिना उतरते, मला चार शिव्या घालते. गोळीला उशीर झाला की पाय जमिनीला चिकटतात. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहते ती उभीच राहते. गेला महिनाभर तिचं हेच चाललं होतं, आणि आम्ही सगळे माना हलवून म्हणत होतो, वय झालं, आजार पुढे सरकला.

मी मेल लिहिला. वर ठळक अक्षरांत एकच काम: अ‍ॅप नवं करून घ्या, ते उघडा, ‘परवानगी द्या’ असं येईल ते दाबा. खाली लिहिलं: ‘गेल्या महिन्यात तुम्ही नव्या फोनवर हे अ‍ॅप घेतलं असेल, तर तुमची घंटा उशिरा वाजली असण्याची शक्यता आहे. चूक तुमची नव्हती, आमची होती. आम्ही परवानगी मागायला विसरलो. त्या काळात तब्येतीत फरक जाणवला असेल तर डॉक्टरांना हे जरूर सांगा. त्यांना विचारल्याशिवाय औषध कमीजास्त करू नका.’

मेल मंजूर करतात आमचे साहेब. माणूस वाईट नाही, पण कातडी वाचवण्यात पीएचडी. त्यांनी वरचा भाग ठेवला आणि खालचा सगळा उडवला. त्याजागी लिहिलं: ‘घंटा अधिक अचूक व्हावी यासाठी आम्ही एक नवी सोय आणली आहे.’

आमच्याकडे एक पद्धत आहे. मेल जायच्या आधी तो बाहेरच्या एका माणसाला वाचायला द्यायचा आणि विचारायचं, आता तू काय करशील? काय कळलं हे विचारायचं नाही, कारण कळलं तर सगळ्यांनाच असतं. साहेबांचा मजकूर घेऊन मी दुपारी आत्याकडे गेले.

आत्याने चष्मा लावून वाचला. बोट फिरवत दोनदा वाचला. मग म्हणाली, हे बटण दाबेन, आणखी काय. चांगली सोय केलीये म्हणायची. टेबलावर डॉक्टरांची चिठ्ठी होती. पुढच्या भेटीत गोळीचा डोस वाढवायचा बेत होता. आणि पलंगाच्या कडेला एका वृद्धाश्रमाचं माहितीपत्रक होतं, नीट घडी घातलेलं. ते तिने स्वतःच मागवलं होतं.

मी तिला सगळं सांगितलं. घंटाच उशिरा वाजत होती आत्या, तुला काही झालेलं नाही, निदान सगळं तरी आजारामुळे नाही.

तिने माझा गाल थोपटला. म्हणाली, “मला बरं वाटावं म्हणून बोलतेस, भवाने. तुझ्याच कंपनीचं पत्र आहे ना हे? यात कुठे लिहिलंय तसं?”

डॉक्टरही हेच विचारणार होते. भाची सांगते म्हणून डोस बदलत नाही कोणी, आणि का बदलावा?

ऑफिसात परत आले ती तडक साहेबांच्या खोलीत. म्हटलं, खालचा भाग परत घाला. ते म्हणाले, मी लिहिलंय त्यात खोटं काय आहे ते दाखवा. खरं होतं, खोटं काहीच नव्हतं. एक शब्द खोटा नव्हता आणि वाचणारीला शेवटी कळत होतं ते साफ चुकीचं. मी तसंच सांगितलं. त्यांनी मग मला समजावायला घेतलं. लोक घाबरतील. घाबरून अ‍ॅप काढून टाकतील, मग उशिरासुद्धा वाजणार नाही घंटा, ते बरं का? शिवाय उद्या कोणी वकील घेऊन आलं तर लेखी कबुली आपणच दिलेली असणार. मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता, म्हणून मला जास्तच राग आला.

“तुमच्या आत्यांचं बटण तुम्ही जाऊन दाबा ना,” ते म्हणाले. “डॉक्टरांनाही भेटा. एका माणसासाठी सगळ्यांना कशाला घाबरवायचं?”

“आणि बाकीच्यांच्या आत्या?” मी म्हटलं. “त्यांच्या घरी कोण जाणार, तुम्ही? त्या आज आपापल्या हातापायांना दोष देत बसल्यात. गोळ्या वाढवून घेतायत. घाबरायचं ते महिनाभर घाबरून झालंय त्यांचं, सर. आता घाबरतोय ते आपण.”

आवाज चढला होता माझा. काचेपलीकडे माना वळल्या. साहेब म्हणाले, मेल आहे तसाच जाईल. मी म्हटलं, मग मौनीबाबाला बोलवा. आमच्याकडे नियम आहे, आणि तो साहेबांनीच केलेला: मेलमधला अर्थ टिपणाशी जुळतो, असं प्रोग्रॅमरने सांगितल्याशिवाय मेल जात नाही. साध्या भाषेच्या नादात भलतंच काही लिहिलं जाऊ नये म्हणून. आजवर हा नियम माझ्याच मानगुटीवर बसत आला होता.

मौनीबाबा आला. त्याने साहेबांचा मजकूर वाचला, मग माझा वाचला. मला वाटलं, हा नेहमीसारखा खांदे उडवून जाणार. सांगते, त्या दोन मिनिटांत मी मनातल्या मनात राजीनामासुद्धा लिहून टाकला.

तो म्हणाला, “ही सोय नाहीये. परवानगी मागायची मी विसरलो होतो. हिने ‘आम्ही’ लिहिलंय. ‘मी’ लिहिलं तरी चालेल.”

एवढं बोलून तो जागेवर जाऊन बसला. वर्षभराचा बोलण्याचा कोटा संपला असावा.

साहेबांनी दोन्ही मजकूर पुन्हा वाचले. शेवटी म्हणाले, ठीक आहे, पण मेलखाली कंपनीचं नाव नाही, तुमचं नाव जाईल आणि तुमच्या टेबलावरचा नंबर. येतील ते फोन तुम्ही घ्यायचे, सगळे. मी घाबरून माघार घेईन असा त्यांचा हिशेब होता. मी म्हटलं, लिहा, ठळक लिहा. मेल गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोनला उसंत नव्हती. काहींनी फाडफाड बोलून घेतलं, मी ऐकून घेतलं. काहींना बटण सापडत नव्हतं, त्यांच्यासोबत एकेक स्क्रीन उघडत गेले. एक गृहस्थ म्हणाले, अ‍ॅप काढून टाकतोय, आणि काढून टाकलंही. म्हणजे साहेब तेवढ्यापुरते खरे ठरले. ते अधूनमधून येऊन माझ्या टेबलाशी उभे राहायचे, हातात चहाचा कप, चेहऱ्यावर ‘सांगितलं होतं ना’.

ते असेच उभे होते तेव्हा आत्याचा फोन आला. माझ्या मोबाईलवर नाही, मेलमधल्या नंबरवर.

“चूक आमची होती असं लिहिलंय,” ती म्हणाली.

“हो आत्या.”

“छापील लिहिलंय.”

“हो.”

मग तिने नाक ओढलं. मला वाटलं रडतेय. कुठली रडतेय! डॉक्टरांकडे जाऊन आली होती. मेल त्यांच्या नाकासमोर धरला होता. त्यांनी वाचून डोस वाढवायचं थांबवलं, आधी दोन आठवडे वेळेवर गोळ्या घेऊन बघू म्हणाले. हे सगळं तिने मला घडाघडा ऐकवलं, आणि तिचा जुना आवाज चढत चढत ठिकाणावर आला. मग म्हणाली, तुझे साहेब आहेत का तिथे, त्यांना ऐकू येईल असं कर. मी स्पीकर लावला. साहेबांनी कप खाली ठेवला आणि, हो काकू, बोला, असं अगदी मऊ आवाजात म्हणाले.

“अहो, महिनाभर मी माझ्या पायांना शिव्या दिल्या,” आत्या म्हणाली. “मेल्यांनो, दगा दिलात, म्हणून रोज दिल्या. घर सोडायला निघाले होते मी. आता त्या शिव्या मी कोणाच्या नावावर टाकू, तेवढं सांगा.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. एरवी असा फोन अडला की मी कागदावर एखादं वाक्य खरडून त्यांच्यापुढे सरकवते. ते वाचतात आणि वेळ निभावते.

मी पेनचं टोपण लावलं आणि हाताची घडी घालून बसले.