दोन सह्यांचा कागद

आवक-जावकच्या काकांनी शिक्का शाईच्या गादीवर दाबला, उचलला आणि हात तसाच हवेत धरला. समोरचं पत्र वाचणं हे त्यांचं काम नव्हतं, पण वाचून झालं होतं.

"डॉक्टर, पोच हवीच आहे का?"

"हवी."

"नाही, म्हणजे तोंडीच बोलला असतात साहेबांशी. कागद एकदा आत गेला की परत मागता येत नाही."

"म्हणून तर पोच हवी, काका."

शिक्का पडला. डॉक्टरांनी आपली प्रत घडी घालून एप्रनच्या खिशात ठेवली आणि जिना उतरायला लागल्या. चौथ्या-पाचव्या पायरीवर थांबून त्यांनी खिशातली प्रत पुन्हा चाचपून पाहिली. मेलेल्या माणसाच्या नातेवाइकांशी बोलताना जी बाई कधी डगमगली नाही, ती एका एकपानी पत्रानं धास्तावली होती. त्यांना स्वतःची चीड आली.

प्रकरण सुरू झालं होतं मासिक बैठकीत. रुग्णालयाच्या प्रशासकांना सगळे पाठीमागे 'मीटर' म्हणत, कारण त्यांच्या बोलण्यात आकडा नेहमी वरच जात असे. मीटरसाहेब भिंतीवर एक तक्ता लावत. प्रत्येक डॉक्टरचं नाव, त्यापुढे शंभर रुग्णांमागे स्कॅन किती, रक्ततपासण्या किती, भरती किती. इष्टांक गाठला की नाव हिरवं, नाही तर लाल. डॉक्टरांचं नाव सलग तिसऱ्यांदा लाल होतं.

"तुमचा आकडा झोपलाय, डॉक्टर," साहेब हसून म्हणाले. "त्याचाच एकदा स्कॅन काढा."

सगळे हसले. जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात, त्यातला प्रकार.

इष्टांक गाठायचा कसा, याची सोयही करून ठेवली होती. संगणकात तक्रार निवडली की त्यासोबतच्या तपासण्यांवर आपोआप खुणा पडत. 'चक्कर' म्हटलं की मेंदूचा एमआरआय, मानेच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी आणि रक्ताच्या पाच चाचण्या. खूण ठेवायची तर काही करावं लागत नसे. काढायची तर प्रत्येकीचं कारण वेगळं लिहायचं, आणि बाहेर रांग वाढत असायची. बाकीचे डॉक्टर वाईट नव्हते, दमलेले होते.

पत्र डॉक्टरांनी घरी, जेवणाच्या टेबलावर बसून लिहिलं.

'ज्या तपासणीच्या निकालाने माझा उपचार बदलणार आहे, ती मी लिहिते. जिच्या निकालाने काहीच बदलणार नाही, ती केवळ इष्टांकासाठी मी लिहू शकत नाही आणि लिहिणार नाही. संगणकातील आपोआप पडणाऱ्या खुणा काढून टाकाव्यात, ही विनंती. माझे निर्णय चुकत आहेत असे वाटल्यास माझे केसपेपर दोन डॉक्टरांकडून तपासून घ्यावेत. महसुलाच्या तक्त्यावरून ते ठरवू नये. तपासणी न लिहिण्याची संपूर्ण जबाबदारी माझी राहील.'

नवरा विमा कंपनीत दावे तपासायचा. त्यानं पत्र वाचलं आणि शेवटच्या वाक्यावर बोट ठेवलं.

"हे काढ."

"का? खरंच आहे ते."

"खरं आहे म्हणूनच. तुझा करार महिनाअखेरीला संपतोय आणि तू आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतेयस."

"आधीचं सगळं ठणकावून लिहायचं आणि जबाबदारीचं नाव आलं की गप्प बसायचं? ते मला जमणार नाही."

वाक्य राहिलं. त्या वेळी त्यांना त्याचा अभिमानही वाटला होता.

साहेबांचं उत्तर इतकं गोड आलं की डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं. 'आपल्या तत्त्वनिष्ठेचा आदर आहे,' असं सुरुवातीला होतं. मग 'आपल्याच सूचनेनुसार' एक नवा नमुना सोबत जोडला होता. आपोआप पडलेली कोणतीही तपासणी वगळून रुग्णाला घरी पाठवताना हा कागद भरायचा: 'सुचविलेल्या तपासण्या न करता रुग्णास सोडण्यात येत आहे. गंभीर आजार लक्षात न आल्यास त्याची संपूर्ण जबाबदारी डॉक्टरांची राहील. याची रुग्ण व नातेवाइकांना पूर्ण कल्पना देण्यात आली आहे.' खाली दोन सह्यांची जागा, एक डॉक्टरची आणि एक नातेवाइकाची.

कागदाची करामत पहिल्याच दिवशी कळली. एक रंगारी डोकं दुखतं म्हणून आला. चष्म्याचा नंबर वाढला होता आणि झोप होत नव्हती, बाकी सगळं ठणठणीत. डॉक्टरांनी नीट समजावलं, नवराबायको दोघांना पटलं, बायको निघताना हसलीसुद्धा. मग तिनं सहीसाठी कागद वाचायला घेतला. 'गंभीर आजार' या शब्दांपाशी तिचं हसू गेलं.

"नको बाई. काढूनच टाका काय तो फोटो."

"गरज नाहीये हो."

"मग असं का लिहिलंय इथं?"

डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला. फोटो निघाला, त्यात काही नव्हतं.

सही न करणाऱ्यांचं एक वेळ परवडलं, सही करून जाणाऱ्यांनी मात्र त्यांची झोप उडवली. ज्या चेहऱ्यांना त्या बिनधास्त घरी पाठवत, ते आता घरी त्यांच्यामागे येऊ लागले. छातीत चमक आलेला तो शिंपी, त्याला उगाच तर सोडलं नाही ना? पोटदुखीची ती कॉलेजची मुलगी? भाजी चिरता चिरता त्या सुरी ठेवून फोन लावत. "सहजच विचारते, बरंय ना आता?" लोकांना कौतुक वाटे. डॉक्टरांना मात्र दरदरून घाम फुटलेला असे. आणि एक दिवस, रुग्ण समोर असताना, त्यांनी न काढता तशीच राहू दिलेली खूण त्यांना दिसली. ती त्यांनी विचार करून ठेवली नव्हती. भीतीनं ठेवली होती. त्या दिवसापासून त्यांना रुग्णांपेक्षा स्वतःचीच जास्त भीती वाटू लागली.

महिना संपत आला. दुपारची ओपीडी उरकली होती, तेव्हा दार ढकलून प्रशासक आत आले. त्यांच्या हाताला धरून एक ठेंगणी म्हातारी बाई होती, एका हातानं भिंत चाचपत चालणारी.

"आई आहे माझी," ते म्हणाले. "सकाळपासून गरगरतंय तिला. जरा बघता का?"

"नेहमी कुणाला दाखवता?"

साहेबांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "खूप जणांना दाखवता आलं असतं. पण तिला उगाच ह्या खोलीतून त्या खोलीत फिरवतील. तुम्ही काय ते खरं सांगाल."

डॉक्टरांना हसू यायला हवं होतं. आलं नाही. हा सापळा तर नाही, हाच विचार पहिला आला. आईची तपासणी वगळावी, काहीतरी निसटावं, आणि मग तो कागद आहेच. त्यांनी तळहात एप्रनला पुसले.

"आजी, गरगर कधी होते?"

"कूस बदलली की. सगळं घर फिरतं बघा. मग थांबतं आपोआप. मी म्हटलं, चला, फुकटात पाळणा मिळाला."

बोलणं स्वच्छ होतं. रक्तदाब ठीक. एकाचे दोन दिसत नव्हते, गिळायला त्रास नव्हता, ऐकू येणं होतं तसंच होतं. डॉक्टरांनी त्यांना नाकाला बोट लावायला सांगितलं, सरळ रेषेत चालवलं, डोळे वर-खाली, डावी-उजवीकडे फिरवून पाहिले. मेंदूत काही बिघडलं असेल तर त्याची खूण बहुतेक वेळा यातच कुठेतरी सापडते. सापडली नाही. मान दुखत नसल्याची खात्री करून त्यांनी आजींचं डोकं उजवीकडे वळवलं आणि त्यांना झटकन आडवं केलं, डोकं टेबलाच्या कडेखाली.

क्षणभर काहीच झालं नाही. मग बुबुळं झटके देत फिरू लागली.

"अगं आई गं!" आजींनी लेकाचा हात घट्ट धरला. लेक पांढराफटक पडला.

"डोळे उघडे ठेवा. थांबेल आत्ता."

झटके मंदावले, थांबले. डॉक्टरांनी डोकं हळूच डावीकडे नेलं, वाट पाहिली, आजींना कुशीवर वळवलं, पुन्हा वाट पाहिली, आणि उठून बसवलं.

"कानाच्या आत बारीक कण असतात. ते जागा सोडून भलतीकडे गेले होते. आता परत जागेवर लावले."

थोड्या वेळानं त्यांनी आजींना पुन्हा तसंच आडवं केलं. बुबुळं स्थिर राहिली. आजी उठल्या, भिंतीला हात न लावता दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

"एवढंच?" साहेब म्हणाले. त्यांचा जीव भांड्यात पडला होता.

"एवढंच. एमआरआयची गरज नाही." डॉक्टरांनी खुणा एकेक करून काढल्या, कारणं लिहिली. मग नमुना ओढला, सही केली आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला. "नातेवाइकाची सही."

"माझी कशाला?"

"सगळ्यांची घेते. तुमचाच हुकूम आहे."

त्यांनी पेन उघडलं आणि वाचायला सुरुवात केली. मजकूर त्यांनीच मंजूर केलेला होता, तरी दुसऱ्या ओळीपाशी त्यांची नजर अडली. त्यांनी आईकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं.

"डॉक्टर... करूनच टाकू या का?"

एका बोटाचं काम होतं. खूण ठेवायची, सही केलेला कागद फाडायचा, तक्त्यात एक आकडा वाढवायचा, करार पुढे सरकवायचा, आणि रात्री शांत झोपायचं. डॉक्टरांचं बोट माउसवर होतं. त्यांनी ते उचलून मांडीवर घेतलं.

"हवा असेल तर दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या. मी लिहिणार नाही."

"तुमची आई असती तर?"

"घरी नेली असती."

"खात्रीनं?"

"शंभर टक्के खात्री कुणीच देत नाही, साहेब. बोलणं अडखळलं, चालताना झोक गेला, तर धावत आणा, मीच एमआरआय लिहीन. तोवर मलाही भीती वाटणार आहे. रोज वाटते."

आजींनी आळीपाळीनं दोघांकडे पाहिलं. "अरे, चक्कर मला आली होती ना? मग तुमची तोंडं का अशी?"

साहेबांनी सही केली. दिवसाकाठी पन्नास सह्या ठोकणाऱ्या माणसाला या एका सहीला बराच वेळ लागला. दारात ते वळले.

"लोक हा कागद वाचून काय म्हणतात?"

"तुम्ही आत्ता म्हणालात तेच."

ते आईचा दंड धरून निघून गेले.

संध्याकाळी घरी पोचल्यावर डॉक्टरांनी चपलाही न काढता फोन लावला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत तो उचलला गेला.

"कशा आहेत?"

"जेवली. आता पडलीय. दोनदा कूस बदलली, काही नाही झालं." आवाज इतका बारीक होता की तो कुणाचा हे सांगावं लागलं असतं. "मी शेजारीच बसलोय."

"छान. मग ठेवू?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"जरा वेळ ठेवू नका, डॉक्टर," प्रशासक म्हणाले.