भिंतीवरचं वर्तुळ

भूमितीच्या बाई रागीट आहेत हे शाळेत नवीन आलेल्या मुलालाही पहिल्याच आठवड्यात कळायचं. पण त्या सोमवारी संध्याकाळी त्या चिडल्या तशा कधी चिडल्या नव्हत्या. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून त्या कळा बडवत होत्या, आणि गॅसवरचं दूध उतू जाऊन ज्योत विझलीही होती.

नवऱ्याने गॅस बंद केला, ओटा पुसला आणि त्यांच्या खांद्यावरून वाचायला सुरुवात केली.

"हे ईमेल आहे की आरोपपत्र?"

"जे घडलं ते लिहिलंय."

"'आपल्या निष्काळजीपणाने माझ्या वर्गाला खोटं बोलायला शिकवलं.' अगं, एका प्रोजेक्टरने?"

"एका प्रोजेक्टरने," बाई म्हणाल्या आणि पुढे लिहू लागल्या.

घडलं होतं ते असं. बाईंची शिकवायची एक पद्धत होती. आकृती त्या फळ्यावर काढत नसत; प्रोजेक्टरने पांढऱ्या फळ्यावर टाकायच्या आणि मुलांना एकेक करून पुढे बोलावून मोठ्या लाकडी कोनमापकाने प्रत्यक्ष मोजायला लावायच्या. नियम नंतर, मोजणं आधी. फळ्याच्या वर त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी होती: 'मोजाल तेच लिहा.'

सोमवारचा धडा होता वर्तुळाची स्पर्शिका. वर्तुळाला एकाच बिंदूत टेकून जाणारी रेघ ती स्पर्शिका, आणि त्या बिंदूपर्यंत आणलेली त्रिज्या तिच्याशी काटकोन करते. बाईंनी मुद्दाम तिरकी आकृती घेतली होती, म्हणजे नुसत्या नजरेने कुणी काटकोन म्हणून मोकळं व्हायला नको. पुढे आली खारूताई. पेन्सिलीचं टोक सतत कुरतडायची म्हणून वर्गाने तिला दिलेलं ते नाव. तिने कोनमापक लावलं, मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाली, "चौऱ्याहत्तर."

"कोनमापक नीट धर."

तिने पुन्हा धरलं. "चौऱ्याहत्तरच येतंय, बाई."

"डोळे उघडून बघ जरा. मध्यबिंदू कुठे ठेवलायस?"

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "अंडं आहे ते, बाई!" वर्ग हसला. बाईंना वाटलं, चेष्टा चाललीय. त्यांनी मागच्या बाकाला गप्प केलं आणि पुन्हा खारूताईकडे वळल्या. तिने एकदा फळ्याकडे पाहिलं, एकदा बाईंच्या चेहऱ्याकडे, आणि हळूच म्हणाली, "नव्वद."

"हं! आता कसं आलं?"

तास संपल्यावर मागच्या खिडक्या लावायला बाई वर्गाच्या टोकाला गेल्या. प्रोजेक्टर अजून चालू होता. इतका वेळ त्या फळ्याला खेटून, एका बाजूने बघत उभ्या होत्या. तिथून कुठलंही वर्तुळ थोडं चेपलेलंच दिसतं. मागून पाहिलं तेव्हा त्यांच्या हातातली खिडकीची कडी तशीच राहिली. फळ्यावर उभं, लांबुळकं अंडं होतं. दोन्ही बाजूंना काळे पट्टे, मध्ये चेपलेलं चित्र, अक्षरं उपाशी माणसासारखी बारीक आणि उंच.

लॅपटॉपवर शनिवारी-रविवारी अपडेट झालं होतं, तसा सकाळी संदेशही आला होता.

त्या वह्या तपासायला बसल्या. वर्गातल्या प्रत्येकाने फळ्याशी येऊन मोजलं होतं. प्रत्येकाने लिहिलं होतं नव्वद. एकाच्याही वहीत चौऱ्याहत्तर राहिलं नव्हतं. खारूताईच्या वहीत तर आधीचा आकडा इतका जोरात खोडला होता की कागद फाटला होता.

म्हणून ते ईमेल, शाळेच्या कॉम्प्युटर हेल्पडेस्कला.

'अपडेट झाल्यापासून माझ्या वर्गातल्या प्रोजेक्टरवर स्लाइड चुकीच्या आकारात येतात,' असं त्यात शेवटी राहिलं. आरोपपत्रातला बराचसा भाग नवऱ्याने गोड बोलून काढायला लावला होता. 'चित्र आडवं चेपलं जातं. वर्तुळ गोल दिसत नाही, लंबगोल दिसतं. काटकोन मोजला तर चौऱ्याहत्तर अंश येतो. मी भूमिती शिकवते. माझ्यासाठी हा दिसण्याचा प्रश्न नाही. कृपया स्वतः येऊन पाहावे.'

मंगळवारी सकाळी हेल्पडेस्कचं उत्तर आलं: 'स्क्रीनशॉट पाठवा.'

बाईंनी पाठवला. दुपारी उत्तर आलं: 'स्क्रीनशॉटमध्ये वर्तुळ गोलच आहे. बाजूला काळे पट्टे दिसतात, कारण तुमच्या स्लाइड जुन्या, कमी रुंदीच्या मापाच्या आहेत. त्यांचं माप रुंद करून घ्या.'

बाईंनी ती सगळी संध्याकाळ स्लाइडचं माप बदलण्यात घातली. माप बदललं की आकृती एकीकडे आणि तिची अक्षरं दुसरीकडे. एकेक 'अ', एकेक 'ब' उचलून जागेवर नेऊन बसवताना त्या पुटपुटत होत्या, आणि काय पुटपुटत होत्या ते नवऱ्याने शहाणपणाने ऐकलं नाही.

बुधवारी काळे पट्टे गेले. अंडं होतं तिथेच होतं.

शिक्षकांच्या खोलीत भूगोलवाले सर म्हणाले, "आमच्याकडेही सगळी खंडं बारीक झालीत. मला वाटलं, पृथ्वीने मनावर घेतलंय." सगळे हसले. बाईंनी चहाचा कप इतक्या जोरात ठेवला की हसू तिथल्या तिथे विरलं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. आमची सेवा कशी वाटली? तारे देऊन कळवा.'

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्या तडक वर्गात आल्या, कपाटातला सगळ्यात मोठा कागद काढला, फळ्यावर चिकटवला आणि प्रोजेक्टर लावला. जाड पेनाने त्यांनी ते वर्तुळ, ती त्रिज्या, ती स्पर्शिका जशीच्या तशी गिरवली. कागदाची गुंडाळी काखेत मारली आणि जिना उतरून हेल्पडेस्कच्या खोलीकडे निघाल्या. वाटेत दिसलेला शिपाई बाजूला झाला.

हेल्पडेस्क म्हणजे जिन्याखालची एक खोली आणि तिच्यात एक माणूस. मुलं त्याला वायरकाका म्हणत. त्याच्यासमोर दोन स्क्रीन, एक फोन कानाला, दुसरा टेबलावर थरथरत. बाईंनी त्याच्या कीबोर्डवर कागद उलगडला.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"बाई, मी फोनवर..."

"हे काय आहे?"

त्याने फोन ठेवला. "अंडं."

"हे माझं वर्तुळ आहे. तुम्ही निवारण केलेलं."

"तुमची तक्रार कालच बघितली मी. तुमच्या लॅपटॉपला इथून जोडूनही बघितलं. माझ्या स्क्रीनवर गोल होतं. तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये गोल होतं. आता यापुढे मी काय..."

"यापुढे जिना चढायचा! भिंतीकडे बघायचं!"

"चार इमारती आहेत, बाई, आणि माणूस मी एकटा!" आता त्याचाही आवाज चढला. "दिवसाअखेर वरून विचारतात ते एवढंच, किती तक्रारी बंद केल्या. किती भिंती बघितल्या हे आजवर कुणी विचारलेलं नाही. काळे पट्टे गेले असतील असं धरून मी बंद लिहिलं."

"न बघता लिहिलंत."

"हो, न बघता!"

त्याने पट्टी घेतली आणि, बाईंना ते अपेक्षित नव्हतं, अंड्याची रुंदी मोजली. मग उंची. पुटपुटत काहीतरी भागलं.

"तीन-चतुर्थांश," तो म्हणाला. "तुमचा प्रोजेक्टर जुना आहे ना? चौकोनी चित्राचा?"

"शाळेत सगळ्यात जुना. दरवर्षी अर्ज करते."

"मग कळलं. अपडेटमध्ये ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीन चालवणारा प्रोग्राम, बदलला आणि लॅपटॉप आधीचं माप विसरला. आता तो स्वतःच्या मापाचं रुंद चित्र पाठवतो, आणि प्रोजेक्टर ते चेपून आपल्या चौकटीत बसवतो. चेपतो तो तुमच्या भिंतीवर. स्क्रीनशॉट काय किंवा मी इथून बघणं काय, त्यात लॅपटॉपच्या आतलं चित्र दिसतं. ते गोलच असतं." त्याने मान खाली घातली. "स्लाइडचं माप बदलायची काही गरज नव्हती."

"माझी अख्खी संध्याकाळ गेली त्यात."

"दोन मिनिटांचं काम आहे. चला, वरच येतो."

जिना चढताना बाईंचा राग चढतच होता, पण आता तो नुसता वायरकाकावर राहिला नव्हता. न बघता लिहिलंत, असं त्या ज्या आवाजात म्हणाल्या होत्या तो आवाज त्यांच्याच कानात बसला होता. चौऱ्याहत्तर ऐकल्यावर त्यांनी तरी फळ्याकडे कुठे पाहिलं होतं?

वर्ग भरला होता. वायरकाका सरळ लॅपटॉपकडे निघाला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "आत्ता नीट करू नका. खारूताई, पुढे ये. हाच कोन मोज."

ती आली. कोनमापक लावलं. ते बरोबर लागलं होतं; बाई या वेळी मागे उभ्या राहून बघत होत्या. खारूताईने आकड्यावर बोट ठेवलं, बोट काढलं आणि म्हणाली, "नव्वद."

"नीट वाच."

"नव्वदच असतं ना, बाई. परवा तुम्हीच सांगितलंत." आणि तिने खालच्या आवाजात पुढे म्हटलंच, "मग मोजायचं कशाला?"

एरवी असल्या उत्तरावर बाईंनी वर्ग डोक्यावर घेतला असता. त्यांच्या नाकपुड्या फुलल्याही.

"वायरकाका," बाई म्हणाल्या, "तुम्ही मोजा."

त्याने कोनमापक हातात घेतलं, उलटं धरलं, खारूताईने ते त्याच्या हातात सुलटं केलं. "चौऱ्याहत्तर," तो म्हणाला.

बाईंनी फळ्याच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात लिहिलं: ७४. "सोमवारी ही बरोबर होती," त्या वर्गाला म्हणाल्या. आवाज रागाचाच होता. त्यांना दुसरा आवाज पटकन सापडत नसे. "मागच्या बाकावरचं अंडंही बरोबर होतं. चित्र चुकलं होतं, आणि मी बघितलं नाही. आणि तुम्ही सगळ्यांनी जे मोजलं ते सोडून मला हवं ते लिहिलंत. पुन्हा असं केलंत तर याद राखा. मी ओरडले तरी जे मोजलं तेच लिहायचं. मी ओरडले तरी!"

"म्हणजे ओरडणार नक्की," मागच्या बाकावरून आवाज आला.

"नक्की," बाई म्हणाल्या. "काका, करा आता."

वायरकाकाने डिस्प्लेचं सेटिंग उघडलं आणि रुंद मापाच्या जागी प्रोजेक्टरचं जुनं माप निवडलं. फळा क्षणभर काळा झाला. चित्र परत आलं तेव्हा लॅपटॉपच्या स्क्रीनवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या होत्या आणि भिंतीवर वर्तुळ होतं, गोल.

"खारूताई."

तिने पुन्हा कोनमापक लावलं. या वेळी फार वेळ घेतला. मध्यबिंदू ठेवला, उचलला, परत ठेवला. एक डोळा मिटला. मग बाईंकडे न बघता म्हणाली, "एक्क्याण्णव."

वायरकाका पुढे झुकून कुजबुजला, "नव्वद यायला हवं ना?"

बाईंच्या ओठांवर तो आकडा आलाच होता. कोनमापकाची कड किंचित सरकलेली त्यांना मागूनही दिसत होती.

"तिने मोजलंय," त्या त्याच्यावर खेकसल्या, आणि ७४ च्या खाली त्यांनी ९१ लिहिलं. "पुढचा कोण? या, मोजा."