सोळा तारखेच्या दोन ओळी

कॉलेजचा परीक्षा विभाग सांभाळणाऱ्या यशोधन सरांनी परीक्षेचं वेळापत्रक लिहिलं की ते अडीच पानांचं व्हायचं, आणि त्यात एकही चौकट नसायची. वर्गवार परिच्छेद, प्रत्येकाला प्रास्ताविक, शेवटी ‘विद्यार्थ्यांनी याची कृपया नोंद घ्यावी’. नोंद घेता घेता गेल्या वर्षी सहा मुलं सकाळच्या पेपरला दुपारी आली होती. म्हणून यंदाचे परिच्छेद फळ्यावर लागलेले बघून प्राचार्या अनसूयाबाईंनी फर्मावलं, आज चारच्या आत तारीखवार तक्ता लावा.

तक्ता करायचा वल्लरीने. ती परीक्षा विभागात सहा-सहा महिन्यांच्या करारावर होती. या वेळचा करार तीस एप्रिलला संपत होता. मुदतवाढीच्या अर्जावर सरांचा शेरा हवा होता, आणि अर्ज सरांच्या खणात दहा दिवस मुरत पडला होता.

तिने परिच्छेद वाचत एकेक पेपर वेगळ्या ओळीत उतरवला: तारीख, वार, वर्ग, विषय, वेळ, हॉल. एकोणतीस पेपर, एकोणतीस ओळी. मग सगळ्या ओळी तारखेने आणि वेळेने लावल्या. सरांच्या कागदावर पहिल्या आणि तिसऱ्या पानावर सुखाने नांदणाऱ्या दोन ओळी स्क्रीनवर एकमेकींना येऊन भिडल्या. गुरुवार, सोळा एप्रिल, साडेदहा ते एक, हॉल चार: द्वितीय वर्ष, अर्थशास्त्र. गुरुवार, सोळा एप्रिल, साडेदहा ते एक, हॉल चार: प्रथम वर्ष, लेखाकर्म, राहिलेल्या विषयाची परीक्षा.

प्रथम वर्षाचा विषय राहिलेली मुलं आता द्वितीय वर्षातच बसलेली. वल्लरीने परीक्षा अर्जांच्या दोन्ही याद्या शेजारी ठेवून नावं ताडून पाहिली. अकरा नावं दोन्हीकडे होती.

ती सरांच्या टेबलापाशी गेली.

“हॉल चार दोनदा पडलाय होय?” सरांनी चष्मा कपाळावर चढवला. “मग लेखाकर्म हॉल पाचला टाक. एवढ्यासाठी आलीस?”

“सर, हॉल दोन होतील, पण मुलं तीच आहेत. लेखाकर्म शनिवारी सकाळी घेतला तर? हॉल चार रिकामा आहे, द्वितीय वर्षाचा त्या दिवशी पेपरही नाही.”

“मूळ वेळापत्रकावर मॅडमची सही झालीये. आता तारीख बदलायची म्हणजे दुरुस्तीचं पत्र, म्हणजे मी चुकलो असं लेखी. उपप्राचार्यपदाची मुलाखत मे महिन्यात आहे, बाई.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “तुझ्या अर्जाचंही बघायचंय मला. ज्यांना अडचण असेल ती मुलं येतील की रडत.”

वल्लरीने हॉल पाच टाकला. खाली कोपऱ्यात, तक्ता करणाऱ्याने करायची असते तशी सही केली. शिपाई खंडेराव फळ्यावरचे परिच्छेद काढून तक्ता लावताना खूश होऊन म्हणाला, “ह्ये बरं झालं ताई. आता कुणी मला इचारनार नाय.”

तक्त्याची मोठी वाईट खोड म्हणजे तो कळतो. परिच्छेदात जे पंधरवडाभर कुणाला दिसलं नव्हतं, ते तासाभरात दिसलं. त्या अकरांपैकी एक, चांदवडहून रोज येणारी वैष्णवी, फोटो काढून थेट परीक्षा विभागाच्या खिडकीशी आली. “मॅडम, सोळाला साडेदहाला मी चारमध्ये बसू का पाचमध्ये? लय विचार केला, दोन्हीकडं नाय बसता येत.” तिच्यामागे आणखी चौघं. गलका प्राचार्यांच्या दारापर्यंत गेला.

अनसूयाबाईंनी दोघांना बोलावलं. “हे कसं झालं?”

सरांनी वल्लरीकडे पाहिलंही नाही. “तक्ता करताना झालं असणार, मॅडम. कोपऱ्यात सही आहे.”

“मूळ कागद आणा.”

“तो खंडेरावाने फळ्यावरून काढला, आता शोधावा लागेल,” सर म्हणाले. त्यांच्या बगलेतली फाईल जरा घट्ट झाली.

वल्लरीच्या मेलमध्ये मूळ प्रत होती. एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. तिने तीस एप्रिल मोजला, घर मोजलं, ओझरच्या कारखान्यातून कमी केलेला नवरा मोजला.

“माझ्याकडून झालं, मॅडम,” ती म्हणाली.

लेखाकर्म शनिवारी, अठरा तारखेला, सकाळी, हॉल चारमध्ये गेला. तिने सुचवला होता तसाच. सुधारित तक्ताही तिनेच केला, आणि त्याखालचं वाक्य सरांनी उभं राहून सांगितलं: ‘टंकलेखनातील चुकीमुळे झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी.’ छापून झाल्यावर त्यांनी खणातला अर्ज काढला आणि शेरा मारला: ‘काम समाधानकारक. मुदतवाढ तीन महिने, देखरेखीखाली.’

“सहा होते, सर,” ती म्हणाली.

“चूक झाल्यावर सहा कसे देणार? मॅडम मलाच विचारतील.”

खिडकीशी वैष्णवी नव्या तक्त्याचा फोटो काढत होती. “मॅडम, राग नका मानू,” ती म्हणाली, “पण जरा बघून टाईप करत जा ना. आमचं वर्ष गेलं असतं.”

“हो,” वल्लरी म्हणाली, आणि खिडकीची झडप लावून घेतली.