बेचाळीस दिवसांची रोपं

शेंद्र्याच्या कारखान्यांची शेवटची भिंत संपते तिथं, पाझर तलावाच्या खाली, दीड एकराची सखल पट्टी आहे. आजूबाजूला सगळी कपाशी अन् तूर. पण या पट्टीत जमीन ओल धरते, म्हणून मनकर्णाबाईच्या सासरी तीन पिढ्या भाताची साळ होत आली. वाटणीत पट्टीचे दोन तुकडे झाले. वरचा थोरल्या मनकर्णाबाईकडं, खालचा धाकट्या जावेकडं, भामाकडं. मधे एक बांध.

दोघी जावा दोन वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. एका लावणीच्या ऐन मधे भामाला कंपनीतून बोलावणं आलं आणि ती चिखलातून पाय काढून, हातपाय धुऊन बसमध्ये बसली. तिच्यामागं गावातल्या आणखी सहा बायका गेल्या. दहा बायकांची लावणीची टोळी मनकर्णाबाईनं वीस वर्षं सांभाळली होती. ती त्या आठवड्यात मोडली. राग भामावर निघाला.

त्यात दुष्काळाचं हे दुसरं वर्ष. मनकर्णाबाईचे मालक, काकासाहेब, उन्हाळ्यातच म्हणाले होते, "यंदा साळ नाय आली तर पट्टीत मुरूम टाकू. कामगारांला खोल्या लागतेत. बांधू चार."

आर्द्राच्या सरी पडल्या तसा मनकर्णाबाईनं नेहमीसारखा रोपांसाठी गादीवाफा केला, बी टाकलं. एकवीस-बावीस दिवसांत रोपं उपटून लावायची, हा तिचा हिशेब ठरलेला. पण सरी गेल्या त्या गेल्याच. चिखल करायला पाणी नाही. विहिरीचं पाणी वाफा जगवायलाच पुरत होतं, तेही सगळ्या वाफ्याला नाही. एक कड वाळून गेली. उरलेली रोपं दाटीत उंच, बारीक होत राहिली.

खाली भामाला वाफा करायला वेळच नव्हता. पुनर्वसूत एक शिडकावा झाला, त्या रविवारी तिनं कोरड्या रानात काकऱ्या, बी पेरायच्या रेघा, पाडल्या, सरळ बी पेरलं आणि विहिरीचं एक पाणी दिलं. हात नवा, बी दाट पडलं. चार दिवसांनी हिरव्या रेघा दिसल्या, त्यांच्याबरोबर तणही. साचलेलं पाणी नव्हतं, मग तणाला कोण दाबणार? ती कामावरून आली की अंधार पडेपर्यंत खुरपत बसायची. दोन आठवड्यांत पानं पिवळी पडली. कृषी सहायकानं सांगितलं तशी तिनं लोहाची हिराकस फवारली, तेव्हा पानांना रंग आला. मनकर्णाबाई बांधावरून बघायची आणि मान फिरवायची.

आश्लेषा नक्षत्रात पाऊस आला. दोन रात्री धो धो. पट्टीत घोटाभर पाणी साचलं. मनकर्णाबाईनं चिखलणी करून घेतली आणि वाफ्यापाशी गेली तेव्हा रोपं बेचाळीस दिवसांची झाली होती. बुडाशी हात लावला तसं तिला कळलं. खालच्या पेरांतून जे फुटवे यायचे, ते दाटीत कधीच मेले होते. जून झालेली रोपं जवळ अन् जास्त लावायची, हे तिला ठाऊक होतं. तिनं आणि काकासाहेबांनी आठ बोटांच्या अंतरावर, चार-चार रोपं धरून लावलं. अर्ध्या रानात रोपं संपली. अर्धं रान नुसता चिखल.

आठवडा झाला तरी लावलेलं उठेना. शेंडे तांबूस, पानं सुरळी झालेली. उपटताना मुळं तुटतात, नवी फुटेपर्यंत रोप थबकतं, हे दरसालचं. पण जवान रोप आठ दिवसांत सावरतं. ही जून रोपं पाणी पायाशी असून तहानलेली दिसत होती.

त्याच रविवारी भामा खाली रोपं उपटून बांधावर फेकत होती. दाट ओळी विरळ केल्या नाहीत तर काड्या बारीक राहून लोळतील, एवढं तिला कळलं होतं. मनकर्णाबाईची नजर त्या ढिगावर गेली. पाच-पाच पानांची, बुडाशी एक-दोन फुटवे धरलेली रोपं उन्हात मऊ पडत होती.

"भामे, फेकतीस कशाला?"

भामानं वर बघितलं. दोन वर्षांत पहिल्यांदा हाक आली होती. "मग काय करू, आक्का? दाट झालंय लई."

"उपटू नको. खुरप्यानं काढ, मातीचा गोळा राहू दे बुडाशी. मुळाला कळलं नाय पाहिजे जागा बदलली म्हणून."

"तुम्हाला पाहिजे का?"

"अर्धं रान मोकळं पडलंय माझं," मनकर्णाबाई म्हणाली. तिनं ढिगातलं एक रोप उचललं. "पाहिजे."

भामानं साडीचा ओचा खोवला. ती पाटीत रोपं भरून द्यायची, मनकर्णाबाई एकेक रोप वीत-वीत अंतरावर, फार खोल न घालता चिखलात बसवायची. दुपारी पाटी देता देता भामा म्हणाली, "त्या दिशी मी सांगून जायला पाहिजे होतं."

"व्हय, पाहिजे होतं." मनकर्णाबाईनं पुढचं रोप लावलं. "अन् मीबी तुला चार वाईट शब्द बोलले ते बोलायला नको होते. आण पाटी."

संध्याकाळी भामा तिच्याबरोबर चिखलात उतरली. उरलेलं तिनं दुसऱ्या दिवशी रजा टाकून लावलं. चार दिवसांत ती रोपं उभी राहिली. त्यांचा रंग उतरला की नाही, हेही नीट कळलं नाही.

भाद्रपदात दोघींनी फुटवे मोजले. जून रोपांच्या चुडात, म्हणजे एका जागी लावलेल्या जुडग्यात, चार रोपं मिळून नऊ काड्या. त्यातही निम्म्या वरच्या पेरांतून उशिरा निघालेल्या, बारीक. भामाच्या पेरलेल्या ओळीत एकेका रोपाला तीनच-चार फुटवे, पण ते सगळ्यात आधी आलेले, आणि हातभर ओळीत मोजले तर पस्तीस भरले. हलवलेल्या जवान रोपांना पाच-सहा दिवस उशिरा सुरुवात झाली होती. आता मोकळ्या जागेत एकेका रोपाला अठरा, एकोणीस, एकाला तर तेवीस.

"एकच बी, आक्का," भामा म्हणाली. "माझ्याकडं तीन, तुमच्याकडं तेवीस?"

"तुझ्याकडं शेजारी लई. दाटीत कोण पसरणार?" मनकर्णाबाई त्या तेविसाच्या चुडाला हात लावून बसली. मग म्हणाली, "मी समजत होते, बायका गेल्या म्हणून साळ गेली. खोट वयात होती. वाफ्यात अडकून म्हातारी झाली रोपं."

काढणी दिवाळीनंतर झाली. जून रोपांच्या अर्ध्या रानात आधीच्या लोंब्या पिकून गळायला लागल्या तरी उशिराच्या काड्या हिरव्याच. त्यांच्या लोंब्यांतले कितीतरी दाणे पोकळ निघाले. तिथं साडेतीन पोती झाली. तेवढ्याच दुसऱ्या अर्ध्यात सात. भामाच्या तुकड्याचा एक कोपरा वाऱ्यानं लोळला, तरी बारा पोती भरली, आणि तिनं लावणीला एकही बाई लावली नव्हती.

काकासाहेबांनी पोती गाडीत चढवली. खोल्यांचं त्यांनी आपणहून काढलं. "माळावर बांधू," ते म्हणाले. "इथं नको."

चैत्रात दोघी बियाणं निवडायला बसल्या. भामा म्हणाली, तिची शिफ्ट बदलली तर ती खालीही थोडा वाफा टाकेल. मनकर्णाबाईनं नकाराची मान हलवली. "वाफा एकदम टाकायचाच नाय. दहा-दहा दिवसांच्या अंतरानं तीन लहान टाकू. पाऊस कधी का येईना, एक तरी जवान सापडेल. अन् खालच्या अंगाला तू पेरच. मला दाखव फक्त, काकरी किती खोल पाडतीस ते."

भामानं सूप खाली ठेवलं, अंगणातल्या मातीत बोटानं रेघ ओढली आणि दोन बोटं आत घालून दाखवली.

"एवढी नाय," ती स्वतःच म्हणाली, "ह्याच्याबी कमी." मनकर्णाबाईनं तिच्या शेजारी दुसरी रेघ ओढून बघितली.